दुधाच्या दाढेला स्टीलची कॅप

>"दुधाचीच दाढ आहे, पडणारच. फिलिंग पुरे, कॅप कशाला?"

कीड चावण्याच्या बाजूच्या खाचेपुरती असेल तर फिलिंग पुरतं, हे मान्य. पण ती दोन दाढांच्या मधल्या बाजूला पोचली की तिथलं फिलिंग बरेचदा तुटतं किंवा कडेने पुन्हा कीड धरते. माझी मुलगी साडेचार वर्षांची असताना तेच झालं, सहा महिन्यांत फिलिंग निखळलं. ती दाढ पडायला दहावं-अकरावं वर्ष उजाडणार होतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. कीड आणि नस यांच्यात निरोगी भागाचा पट्टा दिसला, रात्रीचं ठणकणं वा सूज नव्हती, म्हणून हॉल पद्धत निवडली. यात इंजेक्शन नाही, कोरणंही नाही! आधी दाढांच्या फटीत छोटी रबरी कडी बसवली, चार दिवसांत जागा झाली. मग मापाची तयार कॅप ग्लास आयनोमर सिमेंटने भरून दाबली आणि तिला कापसाचा बोळा चावायला दिला. कीड आतच बंद झाली, बाहेरून अन्न मिळणं थांबल्याने ती वाढत नाही. हिरडी काही मिनिटं पांढरी पडली. चावताना दात उंच लागत होते, ते दोन-तीन आठवड्यांत जुळले.

नंतर हिरडीवर पुटकुळी आली किंवा रात्री दुखलं, तर आत नस खराब झाली असं समजून लगेच दाखवावं. नस आधीच दुखावलेली असेल तर आधी तिच्यावर उपचार, मगच कॅप.