मदत हवी आहे: पहिल्या मेसेजला उत्तर नाही, दुसरा पाठवू का?

गोदाकाठ (बुधवार, रात्री १०:१५)

नमस्कार. मी २७ वर्षांची, माहेर नाशिक, नोकरी पुण्यात. घरच्यांनी एक स्थळ आणलं होतं. मुलगा संभाजीनगरला एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या रविवारी तो पुण्याला आला आणि आम्ही दोघंच दीड-दोन तास बोललो. खूप दिवसांनी कुणाशी इतकं मोकळं बोलता आलं. तो संध्याकाळच्या बसने परत गेला. रात्री पावणेदहाला मी व्हॉट्सॲपवर हे पाठवलं:

"नमस्कार, नीट पोहोचलात का? आज बोलून खूप छान वाटलं. तुम्ही म्हणालात की एमडीनंतर गावी दवाखाना टाकायचा आहे, त्यावर मी नंतर बराच विचार केला. माझं काम पुण्यातच आहे आणि ते सोडायची माझी तयारी नाही. यातून काही मार्ग निघेल असं तुम्हाला वाटतं का?"

सोमवारी सकाळी सहाला निळ्या टिक दिसल्या. उत्तर नाही. मंगळवारी रात्री तो ऑनलाइन दिसला, तेव्हा माझ्याकडून नुसतं एक प्रश्नचिन्ह पाठवलं गेलं. लगेच लाज वाटली आणि मी ते सगळ्यांसाठी डिलीट केलं. आज बुधवार. "बिझी आहात वाटतं" असं लिहून ठेवलंय, पाठवलेलं नाही. आई म्हणते मुलीने मागे लागू नये. मैत्रीण म्हणते विचारण्यात गैर काय. मला हे जुळावं असं मनापासून वाटतंय म्हणून विचारते: दुसरा मेसेज करू का, आणि केला तर काय लिहू?

तिसरा_मजला (१०:४०)

निळी टिक आली, ऑनलाइनही दिसला आणि तीन दिवस उत्तर नाही, म्हणजे नकार आहे. लोक तोंडावर नाही म्हणत नाहीत, गप्प बसतात. दुसरा मेसेज कधीच करू नये, आपली किंमत कमी होते. आणि प्रश्नचिन्ह डिलीट केलंत ते बरं केलंत, आता त्याला काही कळणार नाही.

भाडेकरू (१०:५८)

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. जुन्या घरमालकाकडे ४० हजार डिपॉझिट अडकलं होतं. मी दर दोन दिवसांनी मेसेज करायचो, "काका, डिपॉझिटचं बघता ना?" एकूण अकरा मेसेज झाले, मग पैसे आले. त्यामुळे गप्प बसू नका, पाठपुरावा केल्याशिवाय काही होत नाही.

वृंदा_काकू (११:२०)

भाडेकरू, तुमचे पैसे तुमच्या हक्काचे होते. त्यांनी उत्तर देणं लागतच होतं, म्हणून अकरावा मेसेजही रास्त. इथे तो मुलगा या पोरीचं काही देणं लागत नाही. या दोन गोष्टींना एक माप लावू नका.

गोदाकाठ, मी आमच्या वधू-वर मंडळात १८ वर्षं स्थळं जुळवते आहे. पहिल्या भेटीनंतर तीन दिवसांत उत्तर आलं नाही म्हणून नकार धरायचा, असं मी तरी कधी केलेलं नाही. मुलगा घरी बोलतो, आईवडील मामांना विचारतात, आठ-दहा दिवस सहज जातात. तू थांब. फार तर पुढच्या आठवड्यात तुझ्या आईने मध्यस्थांना फोन करावा. त्यासाठीच तर मध्यस्थ असतात.

रात्रपाळी (गुरुवार, पहाटे ४:५०)

मी नागपूरला सरकारी रुग्णालयात दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट आहे. आत्ता इमर्जन्सीतून उठून लिहितेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आधी ऑनलाइनचं. आमच्या युनिटचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. रिपोर्ट, एक्स-रेचे फोटो, कुठल्या बेडचा पेशंट बिघडला, सगळं तिथेच येतं. मी रात्रभर ऑनलाइन दिसते आणि आईच्या मेसेजला दोन दिवस उत्तर दिलेलं नसतं. पहिल्या वर्षाच्या मुलांचे हाल तर विचारूच नका. इमर्जन्सीचा दिवस असेल तर चोवीस तास उभं राहायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वॉर्डात राउंड. सोमवारी सकाळी सहाला त्याने मेसेज उघडला तो बहुधा वॉर्डात शिरता शिरता. तेवढ्यात कुणी हाक मारली की तो मेसेज वाचलेला म्हणून निळा होतो आणि यादीत खाली जातो. वर चाळीस नवे मेसेज येतात. मग तो दिसतच नाही. आमच्यासारख्यांना दुसरा मेसेज आला तर राग येत नाही, उलट ते चॅट पुन्हा वर येतं म्हणून बरंच वाटतं.

आता डिलीट केलेल्या प्रश्नचिन्हाचं. तिसरा_मजला म्हणतात तसं होत नाही. त्याच्याकडे This message was deleted अशी ओळ राहते, आणि डिलीट होण्याआधी त्याने नोटिफिकेशनमध्ये पाहिलंही असू शकतं. म्हणजे दुसरा मेसेज तुझ्याकडून गेलेलाच आहे, फक्त पाहिला नसेल तर त्यात काय होतं ते त्याला माहीत नाही. बऱ्याचदा लोक त्या जागी काहीतरी मोठं असेल अशी कल्पना करतात. पुढच्या वेळी पंधरा मिनिटांच्या आत असशील तर डिलीट करण्याऐवजी मेसेज एडिट कर. एडिट केल्याची खूण दिसते, पण वाचायला काहीतरी साधं मिळतं.

गोदाकाठ (गुरुवार, सकाळी ८:०५)

रात्रपाळी, ड्यूटीवरून इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. ग्रुपचं डोक्यातच आलं नव्हतं. मग "बिझी आहात वाटतं" पाठवलं तर चालेल ना?

रानजाई (८:३०)

एक सुचवू का? एकाच गोष्टीचे पाच तुकडे करून पाठवू नका. "हाय", "ऐका ना", "एक विचारायचं होतं" असे. माझा नवरा असंच करतो, फोन सारखा वाजत राहतो, मी वैतागते. सगळं एकाच मेसेजमध्ये लिहावं.

आंबेवाडी (९:१५)

रानजाई, त्यांचा प्रश्न तो नाही. त्यांनी सगळं एकाच मेसेजमध्ये लिहिलं होतं, आणि मला वाटतं घोळ नेमका तिथेच आहे.

गोदाकाठ, तुमचा पहिला मेसेज पुन्हा वाचा. सुरुवात "नीट पोहोचलात का" अशी आहे. याला बसमधून उतरता उतरताही "हो" म्हणता येतं. पण शेवट कुठे झाला? आयुष्यभर कुठे राहायचं इथे. आता त्याला नुसतं "हो, पोहोचलो" लिहिणं अवघड झालं. तसं लिहिलं तर मोठा प्रश्न टाळला असं दिसेल. आणि मोठ्या प्रश्नाला वॉर्डात उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही. त्यासाठी वडिलांशी बोलावं लागेल, स्वतःशीही बोलावं लागेल. म्हणून सोपं उत्तरही अडकलं. प्रश्न चुकीचा नव्हता, उलट तुम्ही तो इतक्या लवकर आणि सरळ विचारलात हे मला आवडलं. फक्त तो लेखी उत्तराचा नव्हता.

"बिझी आहात वाटतं" पाठवू नका. दिसायला साधं आहे, पण त्यात त्याच्या गप्प राहण्याचा हिशेब मागितलाय. त्याला आधी तीन दिवसांची सफाई द्यावी लागेल, मग मूळ उत्तर. त्याच्यावर दोन कामं झाली. "वाचलात ना", "रागावलात का", नुसतं प्रश्नचिन्ह, सगळ्यांची जात तीच. तुमचा दुसरा मेसेज असा हवा की पहिल्यातला जड प्रश्न तुम्हीच खाली उतरवून ठेवलात आणि त्याच्या हातात हो-नाहीचं काहीतरी दिलंत. समजा असं:

"परवाच्या मेसेजमध्ये मी खूप मोठा विषय काढला, तो लिहून बोलण्यासारखा नाही. ड्यूटीतून वेळ मिळेल तेव्हा फोनवर बोलू. रविवारी जमेल का? नसेल तर पुढच्या आठवड्यातही चालेल."

यात प्रश्न मागे घेतलेला नाही, फक्त त्याची जागा बदलली. त्याला "रविवारी चार वाजता" एवढं लिहून सुटता येतं. आणि हो, पहिल्या मेसेजात "तुम्ही" आहे तर इथेही "तुम्ही"च राहू द्या. उत्तर येत नसताना एकदम "तू" वर गेलात तर ते सलगीचं नाही, घाईचं वाटतं.

तिसरा_मजला (९:४०)

पण याचंही उत्तर आलं नाही तर? तेव्हा तरी नकार मानणार ना?

आंबेवाडी (१०:०२)

हो. या मेसेजनंतरही आठवडाभर काही आलं नाही तर तुमचं म्हणणं मला मान्य. तिसरा मेसेज मी कोणालाच सुचवणार नाही. दुसऱ्यात आपण उत्तर देणं सोपं करतो. तितकं सोपं करूनही समोरचा गप्प असेल तर तेच त्याचं उत्तर. त्यानंतर काकू म्हणतात तसा मध्यस्थांना फोन.

वृंदा_काकू (१०:३०)

मला अजून वाटतं फोनच आधी करावा. मुलाला काही अडचण असेल तर तो मध्यस्थांना सांगेल, मुलीला तोंडावर सांगणार नाही. मुलीचा मान राहतो.

रात्रपाळी (दुपारी २:१०)

काकू, आदर ठेवून सांगते, माझ्याबाबत उलट झालं. माझ्या उत्तराला उशीर झाला म्हणून मुलाच्या आईने माझ्या आईला फोन केला. मी फक्त दमलेली होते, पण घरात प्रश्न सुरू झाले, "तुला पसंत नाही का?" दोन माणसांची गोष्ट दोन घरांची झाली आणि मग मला घाईत हो किंवा नाही म्हणावं लागलं. मी नाही म्हणाले. आजही वाटतं की आठ दिवस मिळाले असते तर कदाचित वेगळं झालं असतं.

गोदाकाठ, एक काम कर. तुमच्या बोलण्यात त्याच्या इमर्जन्सीचा वार आला होता का? आमच्याकडे प्रत्येक युनिटचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाठवू नकोस. नाहीतर तोही वाचून खाली जाईल.

गोदाकाठ (गुरुवार, रात्री ९:२०)

हो, आला होता! सोमवार म्हणाला होता. म्हणजे त्याने मेसेज उघडला तो नेमका इमर्जन्सीच्या सकाळी, आणि मंगळवारी रात्री मी प्रश्नचिन्ह पाठवलं तेव्हा तो दीड दिवस झोपलेला नसणार. हे मला ठाऊक होतं, पण तेव्हा आठवलं नाही याचं फार वाईट वाटतंय.

उद्या संध्याकाळी पाठवते. डिलीट केलेल्या मेसेजबद्दलही एक ओळ घालू का?

आंबेवाडी (९:४५)

मी घालणार नाही. त्याने विचारलं तर खरं सांगा.

रात्रपाळी (९:५०)

मी घालेन. "तो चुकून गेला होता" एवढंच. मी त्याच्या जागी असते तर मला कुतूहल राहिलं असतं.

गोदाकाठ (शनिवार, सकाळी ११:३०)

काल संध्याकाळी सातला पाठवला. आंबेवाडींनी लिहिला होता जवळपास तसाच, शेवटी रात्रपाळींची ओळ घातली. रात्री पावणेबाराला उत्तर आलं:

"हो, नीट पोहोचलो होतो. सॉरी, मोठं उत्तर लिहायचं म्हणून राहून गेलं. रविवारी ड्यूटी आहे. बुधवारी रात्री बोलू?"

मी "चालेल" लिहिलं. आई म्हणते बुधवार म्हणजे तो टाळतोय. मला तसं वाटत नाही, पण खात्रीही नाही. दवाखान्याच्या प्रश्नाबद्दल त्याने एक अक्षर लिहिलेलं नाही.

रात्रपाळी (दुपारी १:००)

सोमवारी इमर्जन्सी, मंगळवारी तिचा थकवा. त्याच्या आठवड्यातली पहिली मोकळी रात्र बुधवारचीच आहे.

तिसरा_मजला (१:२५)

मला तो अजूनही टाळतोय असंच वाटतं. बुधवारी काय झालं ते कळवा.