मदत हवी आहे : १२ व्होल्टचे २४ व्होल्ट करणारा बूस्ट कन्व्हर्टर मध्यरात्रीनंतर दम तोडतो

धुऱ्यावरचा
नमस्कार. आमचे शेत यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात आहे. सध्या हरभरा घाटे धरतो आहे आणि रानडुकरे व रोही यांच्यामुळे रात्रीची जागल चुकत नाही. त्यासाठी मी प्रत्येकी १८ वॅटचे, २४ व्होल्टवर चालणारे दोन एलईडी दिवे धुऱ्यावरच्या खांबाला लावले असून, त्याच खांबावर एका डब्यात एक्सएल ६००९ आयसी असलेला बूस्ट कन्व्हर्टर बसवला आहे. १२ व्होल्टची बॅटरी झोपडीत आहे, आणि ती दिवसा सौर पॅनेलवर चार्ज होते.

संध्याकाळी सगळे ठीक असते. मॉड्यूलच्या इनपुटला ११.१ व्होल्ट आणि ३.७ अँपिअर, तर आउटपुटला २४ व्होल्ट आणि १.५ अँपिअर मिळतात. रात्री दोनच्या सुमारास मात्र दिवे मंद होतात. तेव्हा इनपुटला १०.४ व्होल्ट असतात आणि आउटपुट २२.६ पर्यंत उतरलेले असते. विकणाऱ्याने मॉड्यूल ४ अँपिअरचे असल्याचे सांगितले होते आणि मी त्यातून दीडच अँपिअर घेतो आहे. मग ते कमी का पडावे? हिशेब करून दाखवल्यास आभारी राहीन.

वर्धेचा वायरमन
हिशेब सोपा आहे. १२ चे २४ करायचे म्हणजे दुप्पट, म्हणून ड्यूटी सायकल ५० टक्के आणि इनपुट करंट आउटपुटच्या दुप्पट, म्हणजे ३ अँपिअर. ३ हे ४ पेक्षा कमीच असल्यामुळे आपला माल खोटा निघाला, असेच मला दिसते. मॉड्यूल बदलून घ्यावे.

पांदण
डुकरांसाठी दिव्यांपेक्षा झटका मशीन बरी, असा माझा अनुभव आहे. आमच्याकडे तीही १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालते आणि तारेत काही हजार व्होल्ट सोडते. आपला कन्व्हर्टर तारेला जोडता येणार नाही का?

धुऱ्यावरचा
पांदणभाऊ, माझा प्रश्न दिव्यांपुरताच आहे. कुंपणाला हा कन्व्हर्टर जोडण्याचा विचारही नको. झटका मशीन क्षणभराचा झटका देऊन थांबते आणि हा सलग करंट देत राहतो.

जुना सोल्डर
वायरमनदादांची दिशा बरोबर आहे, पण त्यांनी व्होल्टेज बॅटरीच्या नावावरचे घेतले आणि कन्व्हर्टर काहीच खात नाही असे धरले. हिशेब सर्वांत वाईट वेळेचा, म्हणजे रात्री दोनच्या १०.४ व्होल्टचा करावा लागतो.

आधी कार्यक्षमता पाहू, आणि ती धुऱ्यावरच्या भाऊंनी नकळत मोजूनच दिली आहे : संध्याकाळी आत ११.१ गुणिले ३.७ म्हणजे सुमारे ४१ वॅट जातात आणि बाहेर ३६ येतात, म्हणजे ०.८८. आता २४ व्होल्ट टिकवायचे असतील तर रात्रीही तेवढेच ४१ वॅट ओढावे लागणार, आणि व्होल्टेज उतरले की करंट वाढणार.

```
Iin  = 36 / (0.88 * 10.4)           = 3.93 A
D    = 1 - (0.88 * 10.4) / 24       = 0.62
dI   = 10.4 * 0.62 / (400k * 33u)   = 0.49 A
Ipk  = 3.93 + 0.49 / 2              = 4.17 A
```

यातील ४०० किलोहर्ट्झ हा या आयसीचा ठरलेला वेग आहे. कॉइलवर ३३० छापलेले असेल असे मी गृहीत धरले आहे. तसे असल्यास ती ३३ मायक्रोहेन्रीची होय.

खरी मेख शेवटच्या ओळीत आहे. ‘४ अँपिअर’ हा आकडा आउटपुटचा नसून आयसीच्या आतल्या स्विचचा आहे. स्विच चालू असताना कॉइलचा सगळा करंट त्यातूनच जातो, म्हणून कॉइलमधील करंट प्रत्येक फेरीत ज्या शिखरापर्यंत चढतो, ते शिखर ४ च्या आत राहिले पाहिजे. हेच गणित ११.१ व्होल्टला केले तर शिखर ३.९ च्या थोडे वर येते, म्हणजे संध्याकाळीही आपण काठावरच उभे होता. रात्री शिखर मर्यादेला टेकते, आयसी स्विच वेळेआधी बंद करतो आणि आउटपुट खाली येते. मल्टिमीटर फक्त सरासरी दाखवतो, त्यामुळे त्यावर ३.७ वाचून मनात उगाच भरवसा बसतो.

वर्धेचा वायरमन
४ अँपिअर स्विचचे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. पण ड्यूटी सायकलमध्ये कार्यक्षमता घालणे मला पटत नाही. ती व्होल्टेजच्या गुणोत्तरावर ठरते, म्हणजे १ वजा १०.४ भागिले २४, अर्थात ०.५७.

जुना सोल्डर
आपला आक्षेप अगदीच चुकीचा नाही. स्विचिंगमध्ये जाणारी सगळी वीज ड्यूटी सायकल वाढवत नाही, म्हणून खरा आकडा ०.५७ आणि ०.६२ यांच्या मध्ये कुठेतरी असेल. पण ०.५७ धरला तरी शिखर फक्त ०.०२ अँपिअरने उतरते, कारण त्याचा मोठा भाग सरासरी करंटचा आहे आणि ती सरासरी वॅटच्या हिशेबातून आली आहे.

मला काळजी वेगळीच आहे. दोन वाजता खुद्द बॅटरीच्या खुंट्यांवर किती व्होल्ट असतात, वायर किती जाड आहे आणि खांब झोपडीपासून किती लांब आहे?

धुऱ्यावरचा
कॉइलवर ३३० च आहे. काल रात्री दिवे मंद झाल्यावर बॅटरीवर मोजले, तर तिथे १२.१ होते. वायर १ चौरस मिलिमीटरची तांब्याची असून अंतर १२ मीटर आहे.

जुना सोल्डर
मग बॅटरीचा दोष नाही. जाऊन येऊन २४ मीटर तांबे झाले आणि त्याचा रोध सुमारे ०.४३ ओहम भरतो. त्यात ३.९ अँपिअर गेले की १.७ व्होल्ट वायरीतच जिरतात, आणि १२.१ मधून ते वजा केले की आपले १०.४ बरोबर मिळतात. शिवाय ही घसरण स्वतःला वाढवते, कारण व्होल्टेज पडले की कन्व्हर्टर जास्त करंट ओढतो आणि जास्त करंटने वायरीत आणखी व्होल्टेज पडते.

मॉड्यूल झोपडीत बॅटरीजवळ आणावे आणि त्याच वायरीतून २४ व्होल्ट खांबाकडे न्यावेत. १२.१ व्होल्टला सरासरी ३.४ आणि शिखर ३.६ च्या आसपास येईल. वायरीत दीडच अँपिअर वाहील, म्हणून तिथे ०.६ व्होल्टच्या थोडे वर पडतील.

धुऱ्यावरचा
मॉड्यूल हलवले. पहाटे अडीचला त्याच्या आउटपुटला २४.० आणि दिव्यांजवळ २३.४ व्होल्ट होते. इनपुट करंट ३.४ अँपिअर आहे. परंतु कॉइल इतकी तापते की तिच्यावर बोट टेकवत नाही. ती संपृक्त होत असेल का? तिच्यावर करंटचा काही आकडा छापलेला नाही.

जुना सोल्डर
ऑसिलोस्कोपशिवाय ठामपणे सांगता येणार नाही. संपृक्त कॉइलमधला करंट शिखराजवळ सरळ रेषेत न चढता एकदम उसळतो, आणि ते मीटरला दिसत नाही. एक ढोबळ चाचणी करता येईल : एका दिव्यावर इनपुट करंट मोजा, मग दोन्हींवर. दुपटीपेक्षा बराच जास्त आला तर संशय घ्यावा. थोडा जास्त मात्र येणारच, कारण तारेतील उष्णता करंटच्या वर्गाने वाढते.

धुऱ्यावरचा
एका दिव्यावर १.६५ आणि दोन्हींवर ३.४ आला.

वर्धेचा वायरमन
म्हणजे कॉइल ठीक आहे.

जुना सोल्डर
एवढ्यावर तसे म्हणवत नाही. रात्रीच्या थंडीत केलेली चाचणी आहे ही, आणि डबा बंद करून ती तासभर तापली की पुन्हा मोजायला हवे, कारण फेराइटची क्षमता तापल्यावर घटते. शिखर आणि मर्यादा यांत आत्ता नऊ टक्क्यांचेच अंतर आहे. मी असतो तर प्रत्येक दिव्याला वेगळे मॉड्यूल दिले असते.

धुऱ्यावरचा
दुसरे मॉड्यूल मागवतो. तोवर डबा बंद ठेवून मोजतो आणि आकडे इथेच लिहितो.