आरोग्याचा खर्च फक्त ‘आर’मध्ये शोधायचा?

ताम्हण: राज्याच्या अर्थसंकल्पातल्या विभागवार मागण्यांची पुस्तकं उतरवून घेतली. शाळांसाठी ‘ई’, आरोग्यासाठी ‘आर’. दोन्हींच्या बेरजा एकूण खर्चाशी ताडून पाहिल्या की शाळा-दवाखान्यांवर भरपूर खर्च करतो म्हणणाऱ्या महाराष्ट्र सरकारचा खोटेपणा उघडा पडतो. २०१३-१४ पासूनचा तक्ता करतोय. चूक असेल तर दाखवा.

जुना_हिशेबी: दाखवतो. अक्षर सांगतं पैसे कोणाच्या हातात आहेत. ते कशावर जाणार, हे प्रधान शीर्षाचा चार आकडी क्रमांक सांगतो. तुम्ही पहिलं मोजून दुसऱ्यावर भाषण करताय.

जे. जे. आणि ससून ‘आर’मध्ये शोधून दाखवा. मिळणार नाहीत. वैद्यकीय शिक्षण विभाग म्हणजे एस-१, शीर्ष मात्र आरोग्याचं तेच २२१०. आणि केईएम? ते महापालिकेचं, राज्याच्या पुस्तकात त्याचा खर्चच नाही.

आता शासकीय आश्रमशाळा घ्या. ‘ई’त नाहीत, आदिवासी विकासच्या टी-५ मध्ये आहेत. तिथेही शिक्षणाचं २२०२ शोधत बसलात तर हुकाल, कारण त्या मागासवर्ग कल्याणाच्या २२२५ खाली, आदिवासींच्या ०२ मध्ये, २७७ या शिक्षणाच्या गौण शीर्षाला बसवल्यात. मात्र त्याच टी-५ मध्ये पुढे २२०२ आणि २२१० सुद्धा येतात, आदिवासी उपयोजनेच्या ७९६ खाली. म्हणजे एका पुस्तकातला एक तुकडा शीर्षाने सापडतो, दुसरा डोळ्यांनी पानं चाळूनच.

सरळमार्गी: एवढा घोळ कशाला? सगळ्या विभागांत २२०२ आणि २२१० शोधा, बेरीज करा. झालं.

जुना_हिशेबी: निम्मं झालं. उपकेंद्रातल्या नर्सताईंचा पगार कुटुंब कल्याणाच्या २२११ मध्ये शोधा. इमारती भांडवली शीर्षांत, ४२०२, ४२१० मध्ये. जिल्हा योजनेतली शाळादुरुस्ती नियोजनच्या ‘ओ’ मागण्यांत, जिल्हावार. शिवाय मागणीतला आकडा ढोबळ असतो, वसुली खाली वेगळी दिलेली असते. वार्षिक वित्तविषयक विवरणपत्रात ती वजा झालेली असते. तुमची बेरीज तिथल्या आकड्याशी जुळली नाही तर घोटाळा-घोटाळा ओरडत येऊ नका.

खडू_फळा: तुमची शीर्षं तुमच्यापाशी. मी अंशतः अनुदानित शाळेत शिकवतो. वीस टक्क्यांवर किती वर्षं काढली ते विचारा. माझा पगार कुठल्या पुस्तकात आहे?

जुना_हिशेबी: ई-२, २२०२-०२, उद्दिष्ट ३६. सहायक अनुदान, वेतन. वेतनेतर ३१ मध्ये.

खडू_फळा: वा! पुस्तकात मी आहे, बँकेत नाही. उरलेले ऐंशी टक्के कुठल्या उद्दिष्टात? बायकोच्या दागिन्यांच्या?

सरळमार्गी: सर, शाळा काढताना संस्थेने ‘कायम विनाअनुदानित’ मान्य केलं होतं. सही तुमच्या संस्थाचालकांची, बिल आमच्या करातून?

खडू_फळा: सही करताना मी तिथे नव्हतो. पोरं मात्र माझ्यासमोर बसतात. तुम्ही एक दिवस येऊन सातवीचा वर्ग सांभाळा, मग करदाता म्हणून बोला.

सरळमार्गी: माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं होती. वर्ग काय असतो ते मला नका सांगू. तिचा पगारही महिनोन्‌महिने रखडायचा, पण तिने कधी रडगाणं गायलं नाही.

खडू_फळा: तिला पूर्ण पगार उशिरा मिळाला. फरक कळतो का?

चष्मा: दोघांनाही सांगतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा पगारही ई-२ मधूनच परिषदेला अनुदान म्हणून जातो. म्हणून ‘ग्रामविकास’ उघडून ‘गावच्या शाळांना काहीच नाही’ म्हणणारे दर मार्चमध्ये भेटतात. मीही एकदा तसा लेख लिहिला होता. छापूनही आला.

ताम्हण: मूळ धाग्यावर या. एस आणि टी धरतो, उपकार म्हणा. पण कल तर खरा आहे ना? २०१४-१५ ला आरोग्य एकदम वर गेलंय, माझ्याच तक्त्यात. मग कौतुक करायचं का?

जुना_हिशेबी: नको. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे केंद्राचे पैसे आधी थेट राज्याच्या आरोग्य सोसायटीच्या खात्यात जायचे, राज्याच्या पुस्तकाबाहेरून. २०१४-१५ पासून ते राज्याच्या तिजोरीतून यायला लागले. दवाखान्याला तेवढेच मिळाले तरी पुस्तकातला आकडा फुगला. शाळांचंही तसंच, सर्व शिक्षा अभियानामुळे. तुमचं पहिलं वर्ष फेका.

आणि एका वर्षासाठी तीन रकाने असतात हे लक्षात ठेवा: अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष. जुन्या वर्षाची ‘प्रत्यक्ष’ रक्कम नि नव्याचा ‘अंदाज’ शेजारी ठेवून ‘वाढ’ म्हणू नका. मधल्या पुरवणी मागण्या तर तुम्ही उघडल्यासुद्धा नसतील.

ताम्हण: नाही उघडल्या. आनंद झाला?

चष्मा: एक मात्र मला अजून पटत नाही. आश्रमशाळेतल्या जेवणाचा, गणवेशाचा खर्च शिक्षणात धरायचा का? २७७ धरलं तर तोही येतो. वसतिगृह म्हणजे शाळा?

जुना_हिशेबी: मी धरतो. पण राज्यांच्या खर्चावरच्या रिझर्व्ह बँकेच्या अहवालात, शिक्षणाच्या ओळीत २२२५ नसतं.

खडू_फळा: पोरांचं जेवण धरा की. आमचं उपाशीपण धरू नका.