बॅटन कॉलम: एका बाजूला दोन बोल्ट पुरतील का?

लंबक:
दोन आयएसएमसी ३००, पाठीला पाठ, मध्ये २०० मिमी मोकळं अंतर. लांबी ६ मीटर, दोन्ही टोकं पिन, फॅक्टर्ड भार १४०० किलोन्यूटन. आयएस ८००:२००७ प्रमाणे स्लेंडरनेस ५०.८, बॅटनसाठी १.१ ने वाढवून ५५.९. क्षमता १५९० च्या आसपास येते, तिथपर्यंत ठीक.

बॅटन ८५० मिमीवर ठेवले. आडवा शिअर भाराच्या २.५ टक्के, म्हणजे ३५. बोल्टच्या दोन रांगांत ३०० मिमी अंतर असल्याने एका बॅटनवर उभा शिअर ४९.६ आला. २० मिमीचा ४.६ ग्रेडचा बोल्ट ४५.३ घेतो, म्हणून प्रत्येक बाजूला दोन बोल्ट, १९० मिमी अंतरावर. तपासणाऱ्यांनी शेरा मारलाय: ‘मोमेंट?’ बॅटन तर चॅनेल बांधून ठेवायला असतो ना? मोमेंट आला कुठून?

गस्सेट:
बोल्ट ठीक वाटतात. अंतर मात्र विनाकारण कमी घेतलंय. चॅनेलची किमान त्रिज्या २६.१, पन्नास पट धरली तर १३०५ पर्यंत जाता येतं.

जुना_फॅब्रिकेटर:
गस्सेट, पन्नास ही एक मर्यादा झाली. दुसरी, पूर्ण कॉलमच्या स्लेंडरनेसच्या ०.७ पट. ती इथे ३५.६ येते, म्हणजे ९२८ मिमी. ८५० बरोबर आहे.

लंबक, लेसिंगमध्ये तिरप्या पट्ट्या असतात, त्या शिअर ओढ-दाबाने नेतात. इथे तिरपं काहीच नाही, शिडीसारखी चौकट आहे. कॉलम बाजूला वाकू लागला की चॅनेल आणि बॅटन दोन्ही वाकतात. बॅटनच्या मध्यावर मोमेंट शून्य, टोकाला ४९.६ गुणिले १५० मिमी, म्हणजे ७.४४ किलोन्यूटन-मीटर. `V·C/(2N)` नेही तेवढाच येतो, ताडून बघा.

तुमच्या दोन बोल्टवर शिअरचे प्रत्येकी २४.८ उभे आणि मोमेंटचे ३९.१ आडवे. एकत्रित ४६.३, थोडक्यात नापास. मध्ये तिसरा टाका. मध्यावर असल्याने तो मोमेंटला काही मदत करत नाही, पण उभा वाटा १६.५ वर येतो आणि कडेचे बोल्ट ४२.५ वर सुटतात.

लंबक:
म्हणजे मधला बोल्ट फक्त शिअरसाठी! बॅटनची प्लेट २६० बाय ६ धरली आहे.

जुना_फॅब्रिकेटर:
चालेल. वाकण्याचा ताण ११० येतो, परवानगी २२७ ची. पण ही मधल्या बॅटनची खोली. टोकाच्या बॅटनला कडेच्या बोल्टमधलं अंतर निदान २४७ हवं, दोन चॅनेलच्या गुरुत्वमध्यांमधल्या अंतराइतकं. सगळे एकाच मापाने कापून आणू नका.

तुळई७:
माझ्या कॉलमला मधेच ब्रॅकेट आहे, बॅटनच्याच प्रतलात. मीही २.५ टक्केच धरू?

जुना_फॅब्रिकेटर:
नाही. ही सूत्रं अक्षीय भारापुरती. त्या प्रतलात मोमेंट असेल तर स्थैर्याचं वेगळं विश्लेषण करा, नाहीतर सरळ लेसिंग घ्या.

गस्सेट:
०.७ पट काढताना ५०.८ की वाढवलेले ५५.९? दुसऱ्याने १०२१ मिळतात.

जुना_फॅब्रिकेटर:
मी न वाढवलेले घेतो. ५५.९ धरणारेही पाहिलेत.