मदत हवी आहे: थायरॉईड आणि बीपीच्या गोळ्या चालू ठेवू का?

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मला गरोदरपणाचा सातवा आठवडा चालू आहे. रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन ७५ आणि रात्री टेल्मिसार्टन ४० घेते. काल गोळ्यांच्या पाकिटातला कागद भिंगाखाली वाचला. टेल्मिसार्टन गरोदरपणात घेऊ नये, बाळाच्या किडनीला धोका असतो, असं त्यात आहे. मी तर दिवस राहिल्यावरही घेतच होते! आता काल रात्रीची गोळी हातात घेऊन तशीच बसले. मनानं बंद केली तर बीपी चढायची भीती. आज सकाळी १३८/८८ होतं. लॅबेटालॉलवर बदलून द्याल का, आणि आजच?

थायरॉईडची गोळी मात्र सोडलेली नाही. टीएसएच ४.८ आलंय, डोस वाढवायचा का? लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवतेय.