कोडाचे डाग आणि लग्नाचा अल्बम

"नवरीच्या ओठाजवळ आणि हातांवर कोड आहे. तिची आई म्हणते, सगळ्या फोटोंतून काढून टाका. काय करू?"

आधी नवरीला विचारा, तेही आई समोर नसताना. मी सगळ्यांनाच एक वाक्य टाकतो: "पुटकुळ्या काढतो, कायमच्या खुणा तशाच ठेवतो, वेगळं काही हवं असेल तर सांगा." म्हणजे कोणाच्या डागाकडे बोट दाखवावं लागत नाही. एकीने ओठाजवळचा डाग फक्त फिका करायला सांगितला. हातांना हात लावू नका म्हणाली.

फिका करायचा असेल तर हीलिंग ब्रश नको. कोडात रंगद्रव्य गेलेलं असतं, त्वचेचा पोत शाबूत असतो. ब्रश तो पोतच बदलतो आणि तेवढा भाग मेणासारखा दिसतो. त्याऐवजी कर्व्हजचा वेगळा लेयर घ्या, मऊ कडांचा मास्क डागापुरता ठेवा. आधी उजेड उतरवा, मग निळा थोडा कमी आणि लाल थोडा जास्त करा. शेजारच्या त्वचेशी जुळलं की लेयरची ओपॅसिटी ५०-६० टक्क्यांवर आणा. डाग दिसतो, पण नजर तिथे अडकत नाही.

फ्लॅशने डाग पूर्ण पांढरा जळाला असेल तर कर्व्हजने तो राखाडी होतो. तेव्हा रॉ फाइलमध्ये हायलाइट्स उतरवून बघा. तिथेही पोत नसेल तर तो फोटो सोडा.

व्रणाचं उलटं असतं: तिथे रंगापेक्षा उंचवट्याची सावली खटकते, ती डॉज-बर्नने हलकी करा.

आणि जे ठरेल ते अख्ख्या अल्बमला लावा. हळदीत डाग आणि सप्तपदीत गायब, हे पाहुण्यांना लगेच कळतं.