हीट मॅप तड्यावरच पडतो, म्हणजे मॉडेल तडाच पाहते का?

रबाळे_ओतकाम

आमच्या कारखान्यात ओतीव व्हॉल्व्ह बॉडीच्या फोटोंवरून "चांगला" की "सदोष" हे ठरवण्यासाठी आम्ही रेझनेट-50 हे न्यूरल नेटवर्क शिकवले आहे. बाजूला ठेवलेल्या फोटोंवर त्याचे 97 टक्के निकाल बरोबर येतात. फोटोतल्या कोणत्या जागेवरून निकाल लागला हे रंगाने दाखवणारे ग्रॅड-कॅम हीट मॅप सदोष नगांसाठी काढले, तर लाल भाग जवळजवळ प्रत्येक वेळी तड्यावरच पडतो. हा पुरावा पुरेसा असून पुढच्या महिन्यात मॉडेल लाइनवर लावावे, असे व्यवस्थापकांचे मत आहे आणि माझेही तेच आहे. कोणाचा विरोध असल्यास कारणासह सांगावा.

कोपरी_पूर्व

माझा विरोध आहे. तो मॉडेलला नसून "पुरेसा" या शब्दाला आहे. हीट मॅप जागा सांगतो. त्या जागी असलेल्या कोणत्या गोष्टीमुळे निकाल तसा लागला, हे तो सांगत नाही. रेझनेट-50 ला 224 पिक्सेलचा फोटो दिला, तर शेवटच्या कन्व्होल्यूशन लेयरमधून 7 गुणिले 7 चौकटींचे 2048 नकाशे बाहेर पडतात. ग्रॅड-कॅम त्यांना ग्रेडियंटवरून, म्हणजे नकाशातला आकडा किंचित बदलल्यास वर्गाचा गुण किती बदलतो त्यावरून, वजने देऊन त्यांची बेरीज करते. पडद्यावर जो मऊ, गोलसर लाल डाग दिसतो, तो या 49 आकड्यांना ताणून मोठे केल्यामुळे तसा दिसतो. एका चौकटीखाली फोटोचा 32 पिक्सेलचा तुकडा येतो आणि त्या तुकड्यात तड्याशेजारी आणखी काही असेल, तर हा नकाशा त्या दोहोंना वेगळे करू शकत नाही.

म्हणून तीन गोष्टी विचारते. मूळ फोटो किती पिक्सेलचा असतो? तडा किती रुंद असतो? आणि सदोष नगांचे फोटो तपासनीसाने खूण करण्याआधी काढले होते की नंतर?

वागळे_क्यूसी

ताई, आपला मुद्दा मान्य करूनही मी हीट मॅपच्या बाजूने बोलणार आहे. आमच्याकडे गेल्या वर्षी अशाच एका मॉडेलचे आकडे उत्तम होते. हीट मॅप काढल्यावर मात्र लाल रंग नगावर पडलाच नाही. तो निळ्या ट्रेच्या कडेवर पडला. सदोष नग निळ्या ट्रेमध्ये आणि चांगले नग करड्या ट्रेमध्ये ठेवून फोटो काढले गेले होते. ही चूक अचूकतेच्या आकड्यात कधीच दिसली नसती, कारण चाचणीचे फोटोही त्याच ट्रेमधले होते. कारखान्यात गणितापेक्षा डोळ्यांना दिसणारी गोष्ट लवकर पटते. हे साधन अपुरे आहे असे सांगत राहिलो, तर लोक तेवढेही पाहणे सोडून देतील.

कोपरी_पूर्व

साहेब, आपले उदाहरण अगदी योग्य आहे आणि माझे म्हणणे त्याच्या उलट्या बाजूविषयी आहे. लाल रंग ट्रेवर पडला, तेव्हा बिघाड सिद्ध झाला. तो नगावर पडला, म्हणून मॉडेल निर्दोष आहे हे सिद्ध होत नाही. रबाळेकरांनी त्यातून ही दुसरी गोष्ट काढली आहे.

महापे_एमटेक

मला वाटते, येथे शंका थोडी जास्त घेतली जात आहे. ग्रॅड-कॅमचा शोधनिबंध 2017 चा आहे. त्यानंतर 2018 मध्ये अदेबायो आणि सहकाऱ्यांनी अशा पद्धतींची कसोटी घेतली, तिच्यात गाइडेड बॅकप्रॉप ही दुसरी पद्धत नापास झाली आणि ग्रॅड-कॅम उत्तीर्ण झाले. शिवाय चौकट मोठी वाटत असेल, तर एक पायरी मागचा लेयर घ्यावा. तेथे 14 गुणिले 14 चौकटी मिळतात आणि अडचण सुटते.

कोपरी_पूर्व

कसोटीविषयी आपण सांगितले ते खरे आहे, पण तिने काय सिद्ध केले ते पाहावे. तिच्यात मॉडेलची शिकलेली वजने पुसून तेथे यादृच्छिक आकडे भरले होते. त्यानंतरही चित्र तसेच राहिले, तर ते चित्र मॉडेलविषयी काहीच सांगत नाही, असा तो तर्क होता. ग्रॅड-कॅमचे चित्र बदलले, म्हणजे ते शिकलेल्या वजनांवर अवलंबून आहे. आता तड्याऐवजी तपासनीसाने खूण म्हणून काढलेली खडूची रेघ ओळखायला शिकलेल्या मॉडेलचा विचार करा. त्याचीही वजने शिकलेलीच असतात आणि तेही ही कसोटी तितक्याच सहज पार करील.

मागच्या लेयरच्या सूचनेला एक किंमत आहे. रेझनेटमध्ये शेवटच्या नकाशांची सरासरी काढून ती थेट निकालाच्या लेयरला दिली जाते. त्यामुळे एका चॅनेलचा ग्रेडियंट 49 चौकटींत सारखाच असतो आणि त्याची सरासरी घेतल्याने काही हरवत नाही. ऋण आकडे कापण्याआधी या नकाशाची बेरीज केली, तर ती बायस वजा केलेल्या गुणाइतकीच भरते. इतका हा हिशोब तेथे चोख असतो. एक पायरी मागे गेलो की ग्रेडियंट चौकटीगणिक बदलतो, सरासरीत तो फरक पुसला जातो आणि मॉडेलने न वापरलेली जागाही लाल दिसू शकते. चित्र बारीक मिळते, पण त्याच्यावरचा विश्वास कमी करावा लागतो.

ऐरोली_खाडीकाठ

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांचे फोटो काढते आणि छोटा रोहित व मोठा रोहित ओळखणारे एक मॉडेल वापरून पाहते आहे. एका फोटोत चाळीसच्या आसपास पक्षी आहेत, पण हीट मॅप फक्त दोघांवर लाल होतो. म्हणजे मॉडेलला बाकीचे पक्षी दिसतच नाहीत, असे समजावे का? आणि त्याच फोटोवर "मोठा रोहित" या वर्गाचा नकाशा काढला, तर तोही तितकाच लालभडक दिसतो, जरी मॉडेलने त्या वर्गाला फारच कमी गुण दिलेले असतात.

कोपरी_पूर्व

हा नकाशा पक्ष्यांची मोजदाद करत नाही, त्यामुळे दोन डाग म्हणजे दोनच पक्षी दिसले असा अर्थ लावू नये. आपल्या दुसऱ्या निरीक्षणाचा मात्र रबाळेकरांशीही संबंध आहे. नेहमीच्या प्रोग्राममध्ये साधारण अशा ओळी असतात:

```python
w = grad.mean(dim=(1, 2))
cam = torch.relu((w[:, None, None] * act).sum(0))
cam = cam / cam.max()
```

तिसरी ओळ प्रत्येक नकाशाला त्याच्या स्वतःच्या सर्वांत मोठ्या आकड्याने भागते. सर्वांत मोठा आकडा 12 असो की 0.3, ती चौकट गडद लालच रंगते. त्यामुळे दोन नकाशांच्या रंगांची तुलना करण्यात अर्थ नसतो. तुलना करायची असेल, तर भागाकाराआधीचे आकडे जपून ठेवावेत आणि सगळ्या चित्रांना एकच मोजपट्टी लावावी. आपल्या फोटोतले बाकीचे पक्षी फिके दिसतात, तेही या दोघांच्या मानाने फिके.

रबाळे_ओतकाम

कोपरीताई, उत्तरे देतो. फोटो 1792 गुणिले 1792 पिक्सेलचा असतो आणि त्यात सुमारे 90 मिलिमीटरचा भाग येतो. तडा बहुधा 0.2 मिलिमीटर रुंद असतो. सदोष नगांचे फोटो रिजेक्टच्या रॅकवरून घेतले होते आणि तेथे तपासनीस तड्याभोवती पिवळ्या खडूने गोल करतात. तो गोल सुमारे 12 मिलिमीटरचा असतो. मी आजवर त्याकडे लक्ष दिले नव्हते, कारण लाल भाग तड्यावर पडत होता.

कोपरी_पूर्व

आता हिशोब मांडून पाहू. आपल्या फोटोत एका मिलिमीटरला जवळजवळ 20 पिक्सेल येतात, म्हणजे तडा 4 पिक्सेल रुंद. मॉडेलला देताना फोटो आठपट लहान होतो, तेव्हा तडा अर्ध्या पिक्सेलवर येतो आणि ओतीव पृष्ठभागाच्या खरखरीत जवळपास विरून जातो. खडूची रेघ 2 मिलिमीटर जाड धरली, तर ती लहान झाल्यावरही 5 पिक्सेल उरते, शिवाय ती पिवळी आहे. हीट मॅपची एक चौकट मूळ फोटोतल्या 256 पिक्सेलइतकी, म्हणजे सुमारे 13 मिलिमीटरची. आपला अख्खा गोल, आतल्या तड्यासह, तेवढ्या जागेत मावतो. तपासनीसाचा हात अचूक आहे, म्हणून आपला हीट मॅपही अचूक दिसतो.

हे अजून अनुमान आहे. खूण असलेले नग थिनरने पुसा, पुन्हा त्याच प्रकाशात आणि त्याच जागी फोटो घ्या. मग काही चांगल्या नगांवर तसाच गोल काढा आणि गुण पाहा.

वागळे_क्यूसी

एवढा खटाटोप कशाला? फोटोतली खूण संगणकावरच करड्या रंगाने झाकली, तर पाच मिनिटांत उत्तर मिळेल. आणि थिनरने पुसल्यावर पृष्ठभागाची चमक बदलते, त्याचे काय?

कोपरी_पूर्व

करडा ठिपका मॉडेलने शिकताना कधी पाहिलेला नसतो, त्यामुळे गुण खूण गेल्याने बदलला की ठिपका आल्याने, हे ठरवणे अवघड जाते. शिवाय त्या ठिपक्याखाली तडाही झाकला जाईल. चमकेची शंका मात्र रास्त आहे. म्हणून नग पूर्ण वाळू द्यावेत आणि कधीच खूण न केलेले काही चांगले नगही तसेच पुसून त्यांचे फोटो घ्यावेत.

रबाळे_ओतकाम

दोन शिफ्टमध्ये हे करून पाहिले. खूण पुसलेल्या 30 सदोष नगांपैकी 24 नगांना मॉडेलने "चांगला" ठरवले. पहिल्याच नगाचा "सदोष" गुण 0.96 होता, तो 0.22 वर आला. खडूचा गोल काढलेल्या 20 चांगल्या नगांपैकी 17 "सदोष" ठरले, आणि त्यांच्या हीट मॅपचा लाल भाग तसाच नेटका गोलावर होता. नुसते पुसलेले 20 चांगले नग चांगलेच राहिले. जे 6 सदोष नग खूण गेल्यावरही पकडले गेले, त्यांच्यावर मोठी वायुछिद्रे किंवा चांगली रुंद चीर होती.

व्यवस्थापकांना हे आकडे दाखवले आहेत. लाइनवर लावण्याची तारीख पुढे गेली.

महापे_एमटेक

त्या सहा नगांवरून दिसते की मॉडेल थोडे तरी दोष शिकले आहे. मूळ फोटोचे 224 पिक्सेलचे तुकडे केले, तर 64 तुकडे होतील, तडा 4 पिक्सेलचाच राहील आणि हीट मॅपची चौकट दीड मिलिमीटरच्या आसपास येईल.

कोपरी_पूर्व

ही सूचना मला पटते. फक्त कोणत्या तुकड्यात तडा आहे हे सांगणारे लेबल लागेल, आणि फोटो खूण करण्याआधीच घ्यावे लागतील. आधी फोटो, मग खूण, मग खुणेसह दुसरा फोटो, असा क्रम ठेवला, तर दुसऱ्या फोटोवरून जागा कळेल आणि शिकवण्यासाठी पहिलाच वापरता येईल.

वागळे_क्यूसी

क्रम कागदावर सोपा आहे. रिजेक्टच्या रॅकवर दोनदा फोटो काढायला माणूस कोण देणार, हे रबाळेकरांनाच ठाऊक. आणि एका मुद्द्यावर माझे मत अजून बदललेले नाही. नवे मॉडेल आले की लाइनवरच्या तपासनीसाला हीट मॅप दाखवावा. मॉडेलने कुठे बोट ठेवले हे दिसले, तर तो भिंग घेऊन थेट तेथे पाहील.

कोपरी_पूर्व

मी दाखवणार नाही, निदान सुरुवातीला तरी. लाल भाग दिसला की डोळा तेथेच अडकतो आणि दुसऱ्या टोकाचा तडा सुटतो, अशी मला भीती आहे. एक आठवडा नकाशासह आणि एक आठवडा नकाशाशिवाय तपासणी करावी, आधीच दोष माहीत असलेले नग मध्ये मिसळावेत आणि सुटलेले मोजावेत. तोवर आपले मत आणि माझे मत सारखेच कच्चे आहे.

रबाळे_ओतकाम

खुणेआधीचे फोटो सोमवारपासून सुरू करतो आहे. दोन आठवड्यांच्या तुलनेसाठी दोष माहीत असलेले किती नग मिसळावेत, हे दोघांनीही सांगावे.